हिपॅटायटिस ए ची कावीळ: घरी काय खायला द्यायचं, किती आराम करायचा आणि कोणती पुडी परत पाठवायची

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझी भाची पुण्याच्या वसतिगृहातून घरी आली ती डोळे पिवळे घेऊनच. वय एकवीस, एरवीचं वजन 52 किलो. आधी पाच-सहा दिवस बारीक ताप, मळमळ आणि जेवणाचा वासही नको अशी अवस्था होती. मग लघवी चहासारखी गडद झाली आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या लक्षात आलं की डोळे पिवळे दिसताहेत. मी आहारतज्ज्ञ आहे आणि पावसाळ्यात दर आठवड्याला कावीळचे रुग्ण बघते, म्हणून ताईने मला लगेच बोलावलं. मी पोहोचेपर्यंत माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, पथ्य सुरू केलं होतं. सकाळी मुळ्याच्या पानांचा रस, दिवसभर ज्वारीच्या लाह्या आणि उसाचा रस. तेल, तूप, मीठ, हळद, डाळ सगळं बंद. शिवाय शेजारच्या वहिनींनी बाजूच्या गावातून आणलेली काळपट चूर्णाची पुडी फ्रिजवर ठेवलेली होती. तीन सकाळी अनशापोटी घ्यायची होती, त्यातली एक देऊन झाली होती.

पुढचे सात आठवडे आम्ही जे केलं ते मी इथे क्रमाने सांगते आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कावीळचा रुग्ण आला आहे त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. डॉक्टरांकडे जाऊन आल्यानंतर घरी काय करायचं, एवढंच यात आहे.

आधी नक्की कोणती कावीळ आहे ते विचारा

कावीळ हे लक्षण आहे. रक्तातलं बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य वाढलं की डोळे पिवळे होतात, आणि ते हिपॅटायटिस ए, बी, ई या विषाणूंमुळे, पित्ताच्या खड्यामुळे, दारूमुळे, लेप्टोस्पायरोसिसमुळे किंवा एखाद्या औषधामुळेही वाढू शकतं. या प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. त्यामुळे 'कावीळ झाली' एवढ्यावर घरी आहार ठरवू नका. हिपॅटायटिस ए आहे की नाही हे रक्तातल्या 'आयजीएम अँटी-एचएव्ही' या तपासणीवरून कळतं. भाचीची ती तपासणी पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पित्ताचे खडे नसल्याची खात्री केली.

रिपोर्टवर तीन आकडे बघायला शिका. पहिला बिलिरुबिनचा, म्हणजे पिवळेपणा किती आहे ते. दुसरा एसजीपीटीचा, यकृताच्या पेशींना किती इजा झाली आहे ते. तिसरा आयएनआरचा. हा रक्त गोठण्याशी संबंधित असतो, आणि रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतच तयार करत असल्यामुळे यकृत काम करतंय की थकलंय हे त्यावरून कळतं. घरचे लोक बिलिरुबिनच्या आकड्याने घाबरतात, डॉक्टर मात्र आयएनआरकडे बघत असतात. भाचीचं बिलिरुबिन 8.4, एसजीपीटी 2140 आणि आयएनआर 1.2 होता. एसजीपीटी दोन हजारांवर बघून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण या आजारात तो हजारांत जाणं नेहमीचं आहे. आयएनआर जवळजवळ ठीक होता, मुलगी पूर्ण शुद्धीवर होती आणि पाणी पोटात टिकत होतं, म्हणून डॉक्टरांनी घरी ठेवायला परवानगी दिली.

गरोदर बाई, पन्नाशी ओलांडलेली व्यक्ती, आधीपासून यकृताचा आजार असलेली किंवा मधुमेहाची, क्षयाची, फिटची औषधं घेणारी व्यक्ती असेल तर हा लेख पुरेसा नाही. त्यांच्या औषधांचे डोस बदलावे लागू शकतात आणि काहींना दाखलच करावं लागतं. गरोदरपणात रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस ई निघाला तर एक दिवसही घरी थांबू नका. तो त्या अवस्थेत जिवावर बेततो.

यकृत स्वतः बरं होतं म्हणजे काय

पुढचं सगळं समजायला ही गोष्ट माहीत असलेली बरी. हिपॅटायटिस ए चा विषाणू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो आणि साधारण चार आठवड्यांनी लक्षणं दिसतात. यकृताच्या पेशींची इजा मुख्यतः विषाणू करत नाही. आपलीच रोगप्रतिकारशक्ती विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारते. डोळे पिवळे दिसू लागतात तोवर शरीराने ही लढाई बरीचशी जिंकलेली असते आणि विषाणू कमी होत चाललेले असतात. म्हणून यावर विषाणूविरोधी औषध द्यावं लागत नाही. उरलेल्या निरोगी पेशी वाढून मेलेल्या पेशींची जागा भरतात. त्यांना त्यासाठी ऊर्जा, प्रथिनं आणि पाणी लागतं, आणि नव्या कोणत्याही विषारी पदार्थाचा भार नको असतो.

हे मी आईला जवळ बसून सांगितलं. तिचा मुद्दा होता की यकृत आजारी आहे तर त्याला हलकंच द्यायला हवं. मी म्हटलं, "आई, लाह्या काही वाईट नाहीत, त्या चालू दे. पण नुसत्या लाह्या आणि रस यांवर ती महिनाभर राहिली तर यकृत भरून कशाने येणार?" वजनकाट्यावर उभं केलं तर 48.5 किलो भरलं. दहा दिवसांत साडेतीन किलो गेले होते, आणि डाळ-दूध बंद केल्यावर हातापायांचं मांस गळायला वेळ लागत नाही. काट्याचा तो आकडा बघून आई डाळ शिजवायला उठली.

पाणी: रंग बघू नका, वेळा मोजा

पहिल्या आठवड्यात जेवणापेक्षा पाण्याची काळजी जास्त घ्यावी लागते. मळमळीमुळे रुग्ण पीत नाही, उलटीत असलेलं जातं, तापात आणखी जातं. एरवी आपण लघवीच्या रंगावरून पाणी कमी पडतंय का ते ओळखतो. कावीळमध्ये ही खूण फसवते, कारण बिलिरुबिन लघवीवाटे बाहेर पडत असल्यामुळे भरपूर पाणी प्यायलं तरी रंग गडदच राहतो. भाचीला वाटत होतं की तिचं पाणी कमीच पडतंय, आणि ती जबरदस्तीने तांब्यावर तांब्या पिऊन पुन्हा ओकत होती. त्यापेक्षा दिवसातून किती वेळा लघवी झाली ते मोजा. चार-पाच वेळा बऱ्यापैकी होत असेल तर पाणी पुरतंय. सहा-आठ तास झालीच नाही, तोंड कोरडं पडलं, उभं राहिल्यावर चक्कर आली तर कमी पडतंय.

मोठ्या माणसाला सगळं धरून दिवसाला दोन ते अडीच लिटर पुरतं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या. देण्याची पद्धत महत्त्वाची. एकदम पेलाभर दिलं की उलटी होते, तेव्हा दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा सुरू करा. उलट्या जास्त असतील तर ओआरएसचं पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एकदम विरघळवा. अर्धं पाकीट पेल्यात टाकून देऊ नका, त्याने क्षारांचं प्रमाण बिघडतं. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला.

याशिवाय तांदळाची मीठ घातलेली पेज, पातळ ताक, लिंबू सरबत, कोकम सरबत, शहाळं, वरणाचं पाणी यातलं जे आवडेल ते. आमच्याकडे पेजच सगळ्यात जास्त गेली. कोमट, किंचित खारट, वास नसलेली म्हणून. मीठ बंद करायची गरज नाही. पोटात पाणी साठलेल्या जुन्या यकृतरोग्यांचं ते पथ्य आहे आणि तिथून ते या कावीळला चिकटलंय. उलट्या होणाऱ्या मुलीचं मीठ तोडलं तर तिला जास्त गळून जायला होतं.

उसाच्या रसाबद्दल सविस्तर सांगते, कारण प्रत्येक घरात हा प्रश्न येतो. रसात साखर आणि पाणी असतं. त्याने थोडी ऊर्जा मिळते, कावीळ उतरत नाही. घरी स्वच्छ ऊस धुऊन काढलेला असेल तर एक पेला प्यायला हरकत नाही. गाड्यावरचा रस मात्र आणू नका. तिथला बर्फ, चरकावरच्या माश्या आणि न धुतलेले पेले यांतून दुसरा जंतू पोटात जाऊ शकतो. टायफॉइड आहे, हिपॅटायटिस ई सुद्धा आहे. ए होऊन गेला म्हणजे ई पासून संरक्षण मिळत नाही. ग्लुकोजच्या पावडरीचंही तसंच. दिवसभर ग्लुकोजचं पाणी प्यायलं की भूक मरते आणि डाळ-भाताला पोटात जागा उरत नाही.

जेवण: सकाळची वेळ साधा

या आजारात एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही. मळमळ सकाळी सगळ्यात कमी असते आणि दिवस मावळतीला लागला की वाढते. आपल्या घरात मात्र सकाळी चहा-बिस्कीट आणि रात्री पूर्ण ताट असा क्रम असतो, आणि मग रात्री ताट परत गेलं की सगळे काळजीत पडतात. हा क्रम उलटा करा. दिवसातलं सगळ्यात भरीव खाणं साडेआठ ते एकच्या दरम्यान द्या आणि संध्याकाळी हलकं. भाचीच्या बाबतीत एवढ्या एका बदलाने दुसऱ्या दिवसापासून फरक पडला.

किती द्यायचं? प्रथिनं किलोमागे साधारण एक ग्रॅम, म्हणजे तिला पन्नास ग्रॅमच्या आसपास. ताटात ते असं बसवलं.

सकाळी सातला थोडा दुधाचा चहा आणि राजगिऱ्याचा लहान लाडू. साडेआठला मुगाच्या डाळीची दोन धिरडी आणि वाटीभर दही. त्यातून तेरा ग्रॅमपर्यंत प्रथिनं मिळतात. अकराला केळं आणि पेलाभर ताक. एक वाजता मऊ भात, घट्ट वरण, एक पोळी आणि दुधीची किंवा लाल भोपळ्याची भाजी, यातून आणखी चौदा-पंधरा ग्रॅम. चारला उकडलेलं अंडं. अंडं न खाणाऱ्यांना पनीरचे चार-पाच तुकडे. संध्याकाळी सातला मुगाची मऊ खिचडी वाटीभर, वर छोटा चमचा तूप. झोपताना पेलाभर दूध. पहिले चार दिवस याच्या निम्मंच पोटात गेलं, आठवडाभराने पूर्ण जाऊ लागलं. सुरुवातीला निम्मं गेलं तरी रागावू नका, ताट मात्र दर दोन-तीन तासांनी समोर येऊ द्या.

यातल्या तुपाच्या चमच्यावर आमच्या घरी खूप चर्चा झाली. कावीळमध्ये तेल-तूप पूर्ण तोडायला हवं असं सगळ्यांना वाटतं. खरं कारण असं की यकृतातून आतड्यात येणारं पित्त काही दिवस कमी होतं आणि पित्ताशिवाय चरबी नीट पचत नाही. म्हणून तळलेलं, खूप तेलकट खाल्लं की पोट जड होतं, मळमळतं. पण याचा अर्थ शून्य तेल असा होत नाही. घरची साधी फोडणी, चमचाभर तूप, साय काढलेलं दूध बहुतेकांना पचतं. कसं ओळखायचं? शौच पांढुरकं, मातकट रंगाचं आणि तेलकट, पाण्यावर तरंगणारं होत असेल तर चरबी आणखी कमी करा. शौचाचा रंग परत पिवळा-तपकिरी झाला की पित्त येऊ लागलंय, तेव्हा हळूहळू नेहमीच्या फोडणीवर या. वडे, भजी, मिसळ, मटणाचा तेलकट रस्सा हे भूक पूर्ण परत येईपर्यंत राहू द्या.

आणि हळद. पिवळ्याने पिवळं वाढतं या समजुतीने हळद काढून टाकतात. डोळ्यांचा पिवळेपणा बिलिरुबिनचा असतो, हळदीचा त्याच्याशी संबंध नाही. वरणातली चिमूटभर हळद चालते. हळदीच्या कॅप्सूल मात्र बंद ठेवा. त्यात अर्क एकवटलेला असतो आणि अशा गोळ्यांनी निरोगी माणसांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं पहिले काही आठवडे टाळा. फळ घरी धुऊन, सोलून द्या. दारू पूर्ण बंद. रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही पुढे किती महिने, ते डॉक्टरांनाच विचारा.

आराम, पण पलंगाला खिळून नव्हे

पूर्वी कावीळच्या रुग्णाला महिनाभर अंथरुणातून उठूच देत नसत. कोरियाच्या युद्धात अमेरिकी सैनिकांमध्ये हिपॅटायटिस पसरला तेव्हा डॉक्टरांनी यावर नीट प्रयोग केला आणि 1955 मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही सैनिकांना कडक अंथरुणात ठेवलं, काहींना वॉर्डात मनाप्रमाणे हिंडू-फिरू दिलं, फक्त प्रत्येक जेवणानंतर तासभर आडवं व्हायला लावलं. बरं व्हायला दोन्ही गटांना सारखाच वेळ लागला. त्याच अभ्यासात भरपूर प्रथिनं आणि भरपूर अन्न दिलेले सैनिक थोडे लवकर बरे झाले. आमच्या आईला ही गोष्ट फार पटली. सैनिकांना चाललं तर आमच्या पोरीलाही चालेल, असं ती शेजारणींना सांगत होती.

घरात हे असं पाळा. पहिले सात-दहा दिवस अशक्तपणा खरोखर खूप असतो, तेव्हा झोपू द्या. जेवणानंतर तासभर आडवं होऊ द्या. बाकी वेळ आंघोळ, अंगणात फेरी, खिडकीशी बसणं, थोडं वाचणं चालतं. एखादं काम केल्यावर दुसऱ्या दिवशी जास्त गळून गेल्यासारखं झालं तर ते काम जास्त होतं असं समजून आठवडाभर मागे या. भाचीने तिसऱ्या आठवड्यात उत्साहाने सगळी कपाटं आवरली आणि पुढचे दोन दिवस ती झोपूनच होती. व्यायामशाळा, पोहणं, खेळ, दुचाकीवरून लांबचा प्रवास हे रिपोर्ट नीट झाल्यावर.

अंगाला खाज सुटते, ती रात्री जास्त त्रास देते. नखं कापा, सैल सुती कपडे घाला, गार पाण्याचा पंचा ठेवा. खाज किंवा झोपेसाठी दुकानातून गोळी आणू नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्या गुंगी आणतात, आणि गुंगी हेच यकृत निकामी होऊ लागल्याचं पहिलं लक्षण असतं. गोळीने आलेली गुंगी आणि आजाराची गुंगी घरच्यांना वेगळी ओळखता येत नाही.

ती पुडी

आता फ्रिजवरच्या पुडीकडे येते. वहिनी मनाने चांगल्या, त्यांच्या पुतण्याला त्याच औषधाने बरं वाटलं होतं. मी त्यांना विचारलं, "वहिनी, यात काय काय आहे?" त्या म्हणाल्या, "ते बाबा सांगत नाहीत, सांगितलं तर गुण जातो म्हणतात." माझी हरकत नेमकी इथे आहे. आत काय आहे आणि किती आहे हे देणाऱ्यालाही नीट माहीत नसेल, तर ते पचवण्याचं काम आधीच जखमी झालेल्या यकृतावर पडतं. आपण गिळलेल्या बहुतेक औषधांची आणि वनस्पतींमधल्या द्रव्यांची विल्हेवाट यकृतच लावतं.

अशा औषधांनी गुण का येतो असं वाटतं, तेही समजून घ्या. हिपॅटायटिस ए मध्ये बिलिरुबिन साधारण दोन आठवडे चढतं आणि मग आपोआप उतरतं. लोक चढत्या काळात घाबरून औषधाला जातात, आणि औषध घेतल्यावर उतार सुरू होतो. न घेताही तो सुरू झाला असता. गळ्यात घालायची कावीळची माळ डोक्यावरून घातलेली पोटापर्यंत लांबते, ती वाळत जाणाऱ्या काड्यांच्या गाठी सैल होतात म्हणून. हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पिवळं पाणी निघतं, ते आधी हातावर चोळलेल्या झाडपाल्याची चुन्याशी प्रक्रिया होऊन. माळेने आणि हात धुण्याने निदान पोटात काही जात नाही. नाकात रस पिळणं मात्र धोकादायक आहे. नाकातून वाहणारं पिवळं पाणी ही कावीळ नसते, आतली त्वचा भाजल्याने सुटलेला स्राव असतो. तापलेल्या सळईने डाग देणंही अजून काही भागांत चालतं. त्याने फक्त जखम होते आणि ती चिघळते.

वनस्पती म्हणजे निर्धोक असं धरून चालू नका. कोविडच्या काळात लोकांनी गुळवेल महिनोन्महिने घेतली. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि ती वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, असा प्रश्न विचारला. हा वाद बाजूला ठेवला तरी घरात बसलेल्या माणसाच्या हाती एवढंच लागतं की चूर्णाकडे बघून आत कोणती वेल आहे हे सांगता येत नाही. भस्मं घातलेल्या औषधांत शिसं, पारा निघाल्याच्या नोंदीही आहेत. पदवीधर वैद्यांकडे जायचंच असेल तर रिपोर्ट घेऊन जा, औषधाचं नाव लिहून घ्या आणि ते तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. औषधाच्या दुकानातलं लिव्हर टॉनिकही आपल्या मनाने आणू नका. ए ची कावीळ त्याने लवकर उतरत नाही.

पोटात गेलंच असेल तर लपवू नका. आम्ही उरलेल्या दोन पुड्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते रागावले नाहीत. कधी आणि किती घेतलं ते लिहून घेतलं आणि तीन दिवसांनी एसजीपीटी, आयएनआर पुन्हा करायला सांगितले. दोन्ही घसरत होते, म्हणजे नवी इजा झाली नव्हती. पुडी लपवली असती आणि आकडे अचानक चढले असते, तर डॉक्टर कारण शोधत बसले असते.

तापासाठी पॅरासिटामॉल लागली तर डोस डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. एरवी निर्धोक वाटणारी ही गोळी जास्त झाली तर यकृतालाच मारते, आणि सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही ती असते, त्यामुळे नकळत दुप्पट जाते.

रात्री कधीही निघायचं असेल तर

हजारातल्या मोजक्या रुग्णांमध्ये यकृत निकामी होतं. ते आधी वागण्यात दिसतं. रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, असंबद्ध बोलतो, साधा हिशेब चुकतो, हात पुढे धरायला सांगितले की पंजे फडफडतात. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं, अंगावर काळे-निळे डाग, काळं शौच, थांबत नसलेल्या उलट्या, पोट फुगणं, लघवी बंद होणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मोठ्या रुग्णालयात न्या, शक्यतो जिथे यकृततज्ज्ञ आहेत तिथे. ताई रोज संध्याकाळी लेकीला शंभरातून सात-सात वजा करायला लावायची. तिला कंटाळा यायचा, पण मला ती पद्धत आवडली.

घरातली इतर माणसं

विषाणू शौचावाटे बाहेर पडतो, डोळे पिवळे होण्याआधीचे एक-दोन आठवडे सगळ्यात जास्त आणि नंतर साधारण आठवडाभर. तेवढे दिवस रुग्णाने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, पंचा वेगळा ठेवावा. शौचानंतर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी सगळ्यांनी साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. या विषाणूवर सॅनिटायझरचा भरवसा धरू नका. पाणी उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट खळखळू द्या. भांडी वेगळी टाकून द्यायची गरज नाही, साबण आणि गरम पाणी पुरतं. जवळच्यांना लस द्यायची असेल तर संपर्कापासून दोन आठवड्यांच्या आत उपयोग होतो, म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा. भाचीच्या धाकट्या भावाला आम्ही ती दिली.

बरं होतंय हे कशावरून ओळखायचं

आधी भूक परत येते. मग शौचाचा रंग सुधारतो, लघवी फिकट होते. डोळ्यांचा पिवळेपणा सगळ्यात शेवटी जातो, कारण बिलिरुबिनचा काही भाग रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसतो आणि ते प्रथिन जुनं होऊन निघून जायला काही आठवडे लागतात. त्यामुळे लघवी स्वच्छ, भूक चांगली आणि डोळे अजून पिवळे असतील तर घाबरून नवं औषध शोधू नका.

भाचीचं दहाव्या दिवशी बिलिरुबिन उलट वाढून 11.2 झालं होतं आणि घर पुन्हा हादरलं. पण एसजीपीटी 640 वर आला होता आणि आयएनआर 1.1 होता. इजा थांबली होती, साठलेलं पिवळं बाहेर पडायला वेळ लागत होता. एसजीपीटी उतरताना आयएनआर चढू लागला तर मात्र ती धोक्याची खूण असते, तेव्हा पेशीच उरलेल्या नसतात. चौथ्या आठवड्यात बिलिरुबिन 3.1 आणि सातव्यात 1.1 झालं, वजन 51 किलोवर आलं, आणि ती डबा व उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन वसतिगृहात परतली.

डॉक्टरांनी तिला एक सूचना लिहून दिली होती. दहातल्या साधारण एका रुग्णाला पुढच्या सहा महिन्यांत आजाराची दुसरी लाट येते. पुन्हा थकवा, मळमळ किंवा गडद लघवी दिसली तर त्याच आठवड्यात रक्त तपासायचं. काहींची कावीळ खाजेसह तीन महिन्यांहून जास्त रेंगाळते. दोन्ही प्रकारांत आहार आणि आराम हाच राहतो, आणि शेवटी यकृत पूर्ववत होतं. भाचीचा सहाव्या महिन्याचा रिपोर्ट फेब्रुवारीत आला, तिन्ही आकडे नॉर्मल होते.